यादीत ‘डॉक्टर’ दिसतोय, पण शोधला की सापडत नाही: अर्धचंद्राचा घोळ कसा ओळखायचा आणि कसा निस्तरायचा

लक्षण असं असतं. शीटमध्ये नावांची यादी आहे. शोधपट्टीत ‘डॉक्टर’ टाकलं की त्यातल्या काही ओळी सापडतात, काही सापडत नाहीत. न सापडलेली ओळ तर डोळ्यांसमोर ढळढळीत दिसत असते. स्पेलिंग बरोबर, आगेमागे रिकामी जागा नाही, फाँटही तोच. मग कोणीतरी फाइल बंद करून पुन्हा उघडतं, कोणी फाँट बदलून बघतं आणि शेवटी नाव हाताने पुन्हा टाइप करून ‘झालं एकदाचं’ म्हणून सोडून देतं. आठवड्याने दुसऱ्या ओळीवर तीच कथा.

गावाहून परळच्या हॉस्पिटलांत उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांकरिता आमचं मंडळ एक यादी ठेवतं. डॉक्टरांची नावं, दवाखान्यांचे पत्ते, औषधाची दुकानं, राहायची सोय असं सगळं त्यात आहे. ही यादी बऱ्याच जणांच्या हातून भरली गेली आहे आणि काही भाग जुन्या छापील पुस्तिकेच्या फाइलमधून उचललेला आहे. हा घोळ अशाच मिसळलेल्या यादीत होतो. एकाच माणसाने एकाच कीबोर्डवरून सगळं भरलं असतं, तर चूक असली तरी सगळीकडे सारखीच असती आणि शोध चालला असता.

आत काय असतं

‘डॉ’ आपल्याला एक अक्षर वाटतं. संगणकाकडे ते ड आणि त्यापुढे ॉ असं साठवलं जातं. हा ॉ म्हणजे काना आणि चंद्र मिळून एकच चिन्ह आहे, त्याला स्वतःचा एकच क्रमांक आहे. पण काना वेगळा आणि चंद्र वेगळा, अशी दोन चिन्हंही युनिकोडमध्ये आहेत. काना ‘डाक’मधला, चंद्र ‘बॅट’मधला. कोणी ड, मग काना, मग चंद्र असं टाइप केलं तर पडद्यावर ‘डाॅ’ उमटतो. बऱ्याच फाँटांत तो ‘डॉ’सारखाच दिसतो, काहींत चंद्र जेमतेम केसभर सरकलेला असतो. माणसाला फरक कळत नाही. शीटच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत.

यावर जाणकार मंडळी म्हणतात, ‘मजकूर नॉर्मलाइझ करून घ्या, म्हणजे दोन्ही एक होतील.’ इथे ते होत नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ दोन तऱ्हांनी साठवता येतो, एकसंध किंवा र आणि नुक्ता असा जोडून. नॉर्मलायझेशन त्या दोन तऱ्हा एक करतं, कारण त्या समान आहेत असं युनिकोडच्या तक्त्यातच लिहिलेलं आहे. ॉ बद्दल तसं काहीही लिहिलेलं नाही. काना आणि चंद्र जोडला की ॉ होतो, हे युनिकोडला मान्यच नाही. त्यामुळे नॉर्मलाइझ केल्यावरही दोन्ही जसेच्या तसे राहतात. ऑ आणि ॲ यांचंही तेच. आ वर चंद्र देऊन किंवा अ वर चंद्र देऊन ती अक्षरं बनवू नका, असं युनिकोड स्पष्ट सांगतं, पण बनवलीच तर दुरुस्त करून देत नाही.

आधी तपासणी

सर्वांत स्वस्त तपासणी बॅकस्पेसची. ‘डॉ’च्या लगेच पुढे कर्सर ठेवा आणि एकदाच बॅकस्पेस दाबा. ‘ड’ उरला तर आत एकच चिन्ह होतं. ‘डा’ उरला तर चंद्र वेगळा होता. एकदोन शब्दांपुरतं हे पुरेसं आहे.

यादी मोठी असेल तर लांबी मोजा. ‘डॉक्टर’ बरोबर लिहिला असेल तर त्यात सहा चिन्हं असतात: ड, ॉ, क, हलन्त, ट, र. फुटका लिहिला असेल तर सात. शब्द A2 मध्ये आहे असं धरून:

```
=LEN(A2)
=UNICODE(MID(A2,2,1))
```

दुसरं सूत्र दुसऱ्या चिन्हाचा क्रमांक सांगतं. `2377` आला तर तो खरा ॉ. `2366` आला तर नुसता काना आहे, आणि मग तिसऱ्या जागी बहुधा `2373` म्हणजे सुटा चंद्र सापडेल. तिसऱ्या जागी `2305` सापडला तर तो चंद्रबिंदू आहे, म्हणजे ‘डाँक्टर’. त्याची गोष्ट वेगळी, ती पुढे येईल.

आमच्या यादीतली एक ओळ घेऊ. वरळीचा पत्ता: ‘डाॅ. अॅनी बेझंट रोड’. दिसायला काहीच खोट नाही. LEN ने `19` सांगितलं. हाच पत्ता नीट टाइप करून बघितला तर `17` भरतो. दोन चिन्हं जास्त. एक ‘डॉ’मध्ये, कारण काना-चंद्र सुटे आहेत. दुसरं ‘ॲनी’मध्ये, कारण ॲ हे एक अक्षर न घेता अ आणि त्यावर चंद्र असं लिहिलं आहे. ‘डॉ.’ शोधा की ‘ॲनी’ शोधा, ही ओळ हाताला लागत नव्हती, आणि ‘बेझंट’ शोधल्यावर मात्र लगेच यायची. शब्दाचा चंद्र नसलेला तुकडा शोधल्यावर ओळ सापडत असेल, तर दुखणं चंद्रातच आहे असं बेलाशक समजा.

हे आलं कुठून

बहुतेक वेळा छापखान्यातून. युनिकोड येण्याआधी मराठी डीटीपी ज्या फाँटांवर चालायचं, त्यांत अक्षरं नव्हतीच, नुसते आकार होते. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे आणि ऑपरेटर ते तुकडे एकापुढे एक लावत जायचा. कृतिदेवमध्ये ‘डॉक्टर’ असा लिहिला जातो:

```
MkWDVj
```

यात M म्हणजे ड, k म्हणजे काना, W म्हणजे चंद्र. काना वेगळ्या बटणावर, चंद्र वेगळ्या. छापील कागदावर त्याने काही बिघडत नव्हतं. पण अशी फाइल कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणताना कन्व्हर्टर हुशार नसेल तर k ला काना आणि W ला चंद्र एवढंच करतो, दोन्ही जोडून ॉ करत नाही. आमच्या पुस्तिकेतून आलेली प्रत्येक ‘डॉ.’ अशी फुटलेली होती. सगळीकडे नेमाने एकच चूक दिसली तर ती कन्व्हर्टरची. मधूनमधून चूक दिसली तर ती माणसाची.

माणसाची चूक कीबोर्डवर होते. इनस्क्रिप्टमध्ये ॉ चं स्वतःचं बटण आहे, `\`, आणि Shift बरोबर तेच बटण ऑ देतं. पण ते उजवीकडे कोपऱ्यात असल्यामुळे अनेकांना ठाऊकच नसतं. मग काना `e` वर, चंद्र Shift+2 वर, अशी जोडी जमवली जाते. काहींची बोटं Shift+X वर जातात आणि चंद्रबिंदू उमटतो. छापखान्यात आयुष्य गेलेले आमचे एक काका अजूनही म्हणतात, ‘काना आधी, चंद्र मागून, चाळीस वर्षं असंच लावलंय.’ त्यांच्या जुन्या फाँटापुरतं ते अगदी बरोबर होतं.

ॲ ची आणखी एक अडचण आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा आलं, २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी ज्यांनी मराठी लिहिलं त्यांच्याकडे दोनच वाटा होत्या. एक तर अ वर चंद्र जोडायचा, नाहीतर ए वर चंद्र असलेला ऍ वापरायचा. म्हणून जुन्या मजकुरात ‘ॲम्ब्युलन्स’ तीन तऱ्हांनी सापडेल. ऍ निदान डोळ्यांना वेगळा दिसतो, हे त्यातल्या त्यात बरं.

दुरुस्ती, आणि तिचा क्रम

मूळ रकान्याला हात लावू नका. शेजारी नवा रकाना घ्या. पहिल्या पायरीत सुटा काना-चंद्र एक करायचा. कोणी चंद्र आधी आणि काना मागून दिला असेल तर तोही यातच धरला आहे:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,
 UNICHAR(2366)&UNICHAR(2373),UNICHAR(2377)),
 UNICHAR(2373)&UNICHAR(2366),UNICHAR(2377))
```

हे B2 मध्ये ठेवा. मग C2 मध्ये दुसरी पायरी, स्वतंत्र स्वरांची. आ वर चंद्र असेल तर ऑ, अ ला ॉ लागला असेल तरी ऑ, आणि अ वर नुसता चंद्र असेल तर ॲ:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,
 UNICHAR(2310)&UNICHAR(2373),UNICHAR(2321)),
 UNICHAR(2309)&UNICHAR(2377),UNICHAR(2321)),
 UNICHAR(2309)&UNICHAR(2373),UNICHAR(2418))
```

क्रम उलटा केला तर नवा घोळ होतो. कोणी ‘ऑफिस’ लिहिताना अ, चंद्र, काना असं ओळीने दाबलं आहे असं समजा. दुसरी पायरी आधी चालवली तर ती अ आणि चंद्र पकडून ॲ करते, काना मागे लोंबकळत राहतो आणि ‘ॲाफिस’ असं काहीतरी तयार होतं. ते नंतर कुठल्याच सूत्रात अडकत नाही. आधी काना-चंद्र जुळवले तर अ पुढे ॉ येतो आणि त्याचा सरळ ऑ होतो. म्हणून आधी चिन्हं, मग स्वर.

हे दोन्ही बदल डोळे मिटून अख्ख्या रकान्यावर चालवायला हरकत नाही. काना आणि सुटा चंद्र शेजारी शेजारी असावेत असा एकही बरोबर लिहिलेला मराठी शब्द नाही, त्यामुळे चुकून काही चांगलं बिघडण्याचा धोका नाही. ऍ चा ॲ मात्र मराठी रकान्यातच करा. हिंदी मजकुरात ऍ चालतो, तिथे तो चूक नाही.

चंद्रबिंदूला हात लावण्याआधी थांबा

इथपर्यंत आलं की माणसाला चेव येतो. ‘डाँक्टर’, ‘काँलेज’, ‘आँफिस’ असे चंद्रबिंदूवाले शब्द दिसत असतात आणि वाटतं, हाही एका सूत्राचा खेळ, काना-चंद्रबिंदू शोधायचा आणि ॉ ठेवायचा. ते करू नका. गिरगावात काँग्रेस हाऊस आहे. त्यातला ‘काँ’ काना आणि चंद्रबिंदू असाच लिहिला जातो आणि तो बरोबर आहे. सूत्र चालवलं की त्याचं ‘कॉग्रेस हाऊस’ होतं, अनुस्वार गायब. काँक्रीट, लाँड्री, हाँगकाँग, सगळ्यांची तीच गत. यादीत एखादं हिंदी नाव असेल तर ‘माँ’चा ‘मॉ’ होतो.

कारण असं की मराठीत हे एकच चिन्ह दोन कामं करतं. ‘डाँक्टर’मध्ये तो चुकलेला चंद्र आहे, टिंब फुकटचं आलेलं. ‘काँग्रेस’मध्ये चंद्र आणि अनुस्वार दोन्ही हवे आहेत, आणि एकावर एक बसले की त्यांचं रूप चंद्रबिंदूसारखंच होतं. यंत्राला हा फरक ओळखता येत नाही. दोन्हीकडे पुढे क किंवा ग आहे, दोन्हीकडे मागे काना आहे. उच्चार ठाऊक असलेल्या माणसालाच तो कळतो. म्हणून सूत्राने फक्त ओळी वेगळ्या काढायच्या:

```
=ISNUMBER(FIND(UNICHAR(2366)&UNICHAR(2305),C2))
```

‘आँफिस’साठी यातल्या `2366` च्या जागी `2310` घालून पुन्हा चालवा. TRUE आलेल्या ओळी गाळून घ्या आणि एकेक वाचा. मोठ्याने म्हणा. नाकातून आवाज आला तर ओळ सोडा, नाही आला तर हाताने ॉ किंवा ऑ करा. आमच्या यादीत अशा ओळी कमीच निघाल्या, चहा संपेपर्यंत उरकल्या.

ग्रँट रोड आणि अँटॉप हिल

आता उरला तो भाग जिथे चूक कोणाचीच नाही, तरीही शोध फसतो. ग्रँट रोड घ्या. ‘ग्रँ’वरचा चंद्रबिंदू एकाच चिन्हाने लिहिता येतो, किंवा आधी चंद्र आणि मग अनुस्वार असा दोन चिन्हांनी, ‘ग्रॅंट’. तर्काने पाहिलं तर दुसरी रीत जास्त नेमकी आहे, कारण उच्चारात आधी ॅ आहे आणि त्यावर अनुस्वार. व्यवहारात मात्र वर्तमानपत्रांत आणि पाट्यांवर ‘बँक’, ‘ग्रँट’, ‘सँडहर्स्ट’ हे एका चिन्हानेच लिहिले जातात. मी त्या बाजूचा आहे. काही फाँटांत चंद्र आणि अनुस्वार नीट जुळत नाहीत, टिंब बाजूला पडतं आणि शब्द विद्रूप दिसतो, हेही एक कारण.

अँटॉप हिलचं तर विचारू नका. अ वर चंद्रबिंदू, ॲ वर अनुस्वार, ऍ वर अनुस्वार, शिवाय अ, सुटा चंद्र आणि अनुस्वार अशी माळ. चार तऱ्हा फक्त पहिल्या अक्षराच्या, आणि पुढच्या ‘टॉ’चा ॉ फुटका असेल तर प्रत्येकीच्या दोन.

इथे मूळ मजकूर बदलून लोकांशी वाद घालत बसण्यापेक्षा शोधासाठी वेगळा रकाना ठेवणं सोपं पडतं. तो छापायचा नाही, दाखवायचा नाही, फक्त शोध त्यावर चालवायचा. C2 मध्ये ऍ चा ॲ आधीच झाला आहे असं धरून D2 मध्ये हे ठेवा:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(C2,
 UNICHAR(2418)&UNICHAR(2306),UNICHAR(2309)&UNICHAR(2305)),
 UNICHAR(2377)&UNICHAR(2306),UNICHAR(2366)&UNICHAR(2305)),
 UNICHAR(2373)&UNICHAR(2306),UNICHAR(2305))
```

यात ‘ॲं’चा ‘अँ’ होतो, ‘कॉंग्रेस’चा ‘काँग्रेस’ आणि ‘ग्रॅंट’चा ‘ग्रँट’. शोधणाऱ्याने टाकलेला शब्दही याच सगळ्या सूत्रांतून जाऊन मग D रकान्याशी जुळवला पाहिजे, हे विसरलं जातं. यादी धुतली पण शोधशब्द तसाच ठेवला, तर अर्धा आजार तसाच राहतो.

एकाने सुचवलं, शोधाच्या रकान्यातून चंद्र सरसकट काढूनच टाका, म्हणजे ‘डाक्टर’ टाइप करणाऱ्यालाही मिळेल. करून बघितलं तर ‘हॉल’ आणि ‘हाल’, ‘कॉट’ आणि ‘काट’ एक होतात. डॉक्टरांच्या यादीत तेवढं खपेल, वाचनालयाच्या सूचीत अजिबात नाही. आम्ही ते ठेवलं, पण पहिल्या शोधात काहीच सापडलं नाही तरच वापरायचं, या अटीवर. ‘कॉन्ट्रॅक्टर’ आणि ‘काँट्रॅक्टर’ मात्र कुठल्याच युक्तीने एक होत नाहीत. तिथे स्पेलिंगच वेगळं आहे, आणि कोणतं ठेवायचं ते मंडळाने एकदा ठरवून टाकायचं.

पुन्हा होऊ नये म्हणून

भरणाऱ्यांना दोन बटणं दाखवा, ॉ साठी `\` आणि ऑ साठी Shift सह तेच. ॲ साठी Shift+1 दाबून बघायला सांगा. काही संगणकांवर तिथे ॲ येतो, काहींवर ऍ, त्यामुळे एकदा UNICODE ने तपासून घ्यावं: `2418` हवा, `2317` आला तर ऍ आहे. फोनवर रोमन अक्षरांत लिहून मराठी शब्द निवडणाऱ्यांकडून ही चूक जवळपास होत नाही, कारण सुचवलेला शब्द आधीच नीट लिहिलेला असतो. अक्षरं एकेक जुळवणाऱ्यांवर लक्ष ठेवा.

त्यांच्यासाठी शीटमध्ये सशर्त रंग लावता येतो. A2 पासून खालचा सगळा रकाना निवडून सानुकूल सूत्र म्हणून हे द्या:

```
=ISNUMBER(FIND(UNICHAR(2366)&UNICHAR(2373),A2))
```

फुटका ॉ आला की घर लाल होतं. आ आणि अ वरच्या सुट्या चंद्रासाठी असेच आणखी दोन नियम लावा, `2366` च्या जागी अनुक्रमे `2310` आणि `2309` घालून. रंग दिसला की माणूस आपणहून विचारतो, नियम समजावत बसावं लागत नाही.

सगळं पार पडल्यावर C रकाना ‘फक्त मूल्यं’ म्हणून मूळ रकान्यावर चिकटवा आणि मगच दुबार नावं काढा. त्याआधी काढलीत तर ‘डॉ.’ आणि ‘डाॅ.’ ही दोन वेगळी माणसं समजून दोन्ही ओळी शाबूत राहतात. आमच्याकडे परळचा एक बालरोगतज्ज्ञ असा दोनदा होता. एका ओळीत जुना फोन, दुसरीत नवा, आणि शोधणाऱ्याला कुठला मिळायचा हे त्याने ‘डॉ.’ कसा टाइप केला यावर ठरायचं.